आठ टक्क्यांवर अडलेलं काम

भोसरीच्या एमआयडीसीत जिग आणि फिक्श्चर डिझाइन करणाऱ्या एखाद्या छोट्या ऑफिसाची कल्पना करा. सॉलिडवर्क्समध्ये एका भोकाचं माप बदललं की संगणक अर्धा-पाऊण मिनिट गोठतो. डिझायनर वैतागतो, मालक म्हणतो मशीन जुनं झालं, आणि दुकानदार सल्ला देतो की दुप्पट कोअरचा प्रोसेसर आणि मोठं ग्राफिक कार्ड टाका. पण त्या पाऊण मिनिटात कुणी टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर प्रोसेसरचा वापर दिसतो जेमतेम आठ-दहा टक्के. काम अडलंय आणि यंत्र मात्र जवळजवळ मोकळं बसलंय, असं ते चित्र असतं.

नवा संगणक घ्यायच्या आधी हा आठाचा आकडा नीट समजून घ्यायला हवा. सहा कोअरच्या आजच्या प्रोसेसरमध्ये बहुधा बारा थ्रेड असतात, म्हणजे तो एका वेळी बारा कामं हाती घेऊ शकतो. शंभराला बाराने भागलं की आठच्या थोडं वर उत्तर येतं. म्हणजे प्रोसेसरचा एक थ्रेड पूर्ण ताकदीने राबतोय आणि बाकीच्या अकरांना कामच मिळत नाही. टास्क मॅनेजरच्या आलेखावर उजवी क्लिक करून Logical processors निवडलं की बारा वेगळे चौकोन दिसतात. विंडोज काम एका कोअरवरून दुसऱ्यावर फिरवत राहते, त्यामुळे एकच चौकोन सतत भरलेला दिसेल असं नाही. पण सगळ्यांची बेरीज आठ-दहाच्या पुढे सरकत नसेल, तर निदान पक्कं.

हे असं का होतं, ते मॉडेलच्या रचनेत आहे. पॅरामेट्रिक कॅडमध्ये आपण आकार नुसता काढत नाही, तो पायरीपायरीने रचतो. आधी प्लेट, मग तिच्यावर खाच, खाचेत भोकं, भोकांचा पॅटर्न, शेवटी कडांना गोलाई. गोलाई द्यायची तर कड आधी तयार असावी लागते, आणि कड तयार व्हायची तर खाच. पहिला स्लॅब पडल्याशिवाय दुसरा पडत नाही, मग साइटवर गवंडी कितीही आणा. म्हणून एक माप बदललं की त्याच्या खालच्या सगळ्या पायऱ्या क्रमाने पुन्हा मोजाव्या लागतात, आणि हे मोजणं मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतं. ऑटोकॅड आणि स्केचअपची बरीचशी कामंही अशीच एका थ्रेडची असतात.

समजा, पुनर्बांधणीला ४० सेकंद लागतात आणि त्यातलं ३४ सेकंदांचं काम क्रमानेच होणारं आहे. कोअर दुप्पट केले तर फक्त उरलेले ६ सेकंद अर्धे होतील आणि एकूण वेळ ३७ सेकंदांवर येईल. त्याऐवजी प्रत्येक कोअर सव्वापट वेगवान असलेला प्रोसेसर घेतला, तर सगळंच काम सव्वापट वेगाने होईल आणि वेळ ३२ सेकंद होईल. मॉडेलिंगसाठी पैसे कुठे लावायचे याचं उत्तर या गणितात आहे. रायझन ५ ७६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्याच पिढीचा बारा कोअरचा रायझन ९ ७९०० जातो ५.४ पर्यंत. फक्त कॅड करणाऱ्याला या वाढीव सहा टक्क्यांसाठी सहा जादा कोअरची किंमत मोजायची काही गरज नाही.

लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन बाजारात मिळणाऱ्या जुन्या, नूतनीकरण केलेल्या झिऑन वर्कस्टेशनबद्दलही इथेच सांगायला हवं, कारण कमी बजेटवाले त्यांच्याकडे हमखास वळतात. झिऑन ई५-२६८० व्ही४ या २०१६ च्या प्रोसेसरमध्ये १४ कोअर आणि २८ थ्रेड आहेत. भाव ऐकून मोह पडतो. पण त्याचा वेग जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झ, आणि त्याचा एक कोअर त्याच ठोक्यात आजच्या कोअरइतकं काम करत नाही. चार कोअरचा साधा आय३-१२१०० मॉडेलिंगमध्ये त्याला सहज मागे टाकतो. वर्कस्टेशन हे नाव बघून फिक्श्चर डिझायनरने असं यंत्र घेतलं, तर ते पाऊण मिनिट आणखी लांबेल.

आणि खरेदीआधी एक फुकटचा उपाय करून बघावाच. सॉलिडवर्क्समध्ये Performance Evaluation नावाचं साधन आहे. कुठली पायरी किती वेळ खाते, हे ते दाखवतं. पुष्कळदा असं निघतं की बोल्टवर खरेखुरे आटे कोरलेत किंवा प्लेटवर कंपनीचं नाव उठावाने लिहिलंय, आणि निम्मा वेळ त्यातच जातोय. ती पायरी तात्पुरती दाबून ठेवली की जुन्याच मशीनवर काम पळायला लागतं.

आता त्याच बजेटमध्ये इंटिरियर डिझायनरला लागणारं यंत्र पाहू. त्याला स्वयंपाकघराचं किंवा हॉलचं छायाचित्रासारखं चित्र ग्राहकाला दाखवायचंय. रेंडरिंगमध्ये प्रकाशाचे असंख्य किरण मोजावे लागतात, पण चित्राचा डावा कोपरा उजव्या कोपऱ्यासाठी थांबत नाही. चित्राचे तुकडे सगळ्या कोअरना वाटून देता येतात. कोरोनासारखा प्रोसेसरवर चालणारा रेंडरर लावला की टास्क मॅनेजर सरळ शंभर टक्क्यांवर जातो. इथे सहाऐवजी बारा कोअर घेतले, तर तासाभराचं चित्र अर्ध्या तासाहून थोड्याच जास्त वेळात होतं. मॉडेलिंगमध्ये वाया जाणारे कोअर इथे पैसा वसूल करतात.

व्ही-रे जीपीयू, ऑक्टेन, रेडशिफ्ट किंवा ब्लेंडरचं सायकल्स वापरणाऱ्याला हेच काम ग्राफिक कार्डावर टाकता येतं, आणि कमी बजेटमध्ये ते बहुतेक वेळा जास्त फायद्याचं पडतं. पण इथली अडचण वेगळ्या जातीची आहे. सगळा सीन, म्हणजे फर्निचरचे आकार, पडदे, झाडं आणि प्रत्येक पृष्ठभागाचे फोटो, कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावा लागतो. मावला नाही तर ब्लेंडर System is out of GPU memory असं सांगून थांबतं. काही वेळा उरलेला भाग संगणकाच्या मुख्य मेमरीत ढकलला जातो आणि वेग कोसळतो.

मावणार की नाही, हे आधी मोजता येतं. लाकडाच्या लॅमिनेटचा ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचा फोटो डिस्कवर जेमतेम पाच-सहा एमबीचा असतो, कारण तो दाबून ठेवलेला असतो. कार्डात जाताना तो पूर्ण उलगडतो. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले, तर त्या एका फोटोला ६४ एमबी लागतात. एका मटेरियलला असे तीन फोटो, रंगाचा, खडबडीतपणाचा आणि उंचसखलपणाचा, म्हणजे १९२ एमबी. हॉलमध्ये तीस मटेरियल असतील तर नुसत्या फोटोंचेच पावणेसहा जीबी झाले. सोफा आणि कुंडीतली झाडं अजून यायचीच आहेत, शिवाय मॉनिटर आणि विंडोजही कार्डाची थोडी मेमरी धरून ठेवतात. आठ जीबीचं कार्ड इथे काठावर येतं.

म्हणून रेंडरिंगसाठी आरटीएक्स ४०६० आणि तिच्या आधीच्या पिढीची आरटीएक्स ३०६० यांत निवड करताना घाई करू नये. नवी वेगवान आहे, पण तिच्यात ८ जीबी मेमरी आहे. जुनीच्या मूळ आवृत्तीत १२. सीन ८ मध्ये मावत असेल तर नवी जिंकते, मावत नसेल तर तिचा वेग काही कामाचा नाही. माझं मत विचाराल तर इंटिरियरवाल्याने जास्त मेमरीचं कार्ड घ्यावं आणि जमलं तर १६ जीबीपर्यंत जावं. आठ-आठ जीबीची दोन कार्डं लावून सोळा होत नाहीत, हेही लक्षात ठेवावं: या वर्गातल्या कार्डांवर प्रत्येकात सीनची पूर्ण प्रत जाते. हाताशी आठचंच असेल, तर खोलीच्या मागच्या भिंतीवरचे फोटो २०४८ पिक्सेलचे करा. बाजू निम्मी झाली की मेमरी चौथाई लागते, आणि तेवढ्या अंतरावरून फरक कळत नाही.

फिक्श्चर डिझायनरला मात्र एवढ्या कार्डाची गरज नाही. पुनर्बांधणी चालू असताना त्याचं कार्ड जवळजवळ स्वस्थ असतं. त्याच्या दृष्टीने प्रश्न ड्रायव्हरचा असतो. आरटीएक्स ए२००० सारख्या व्यावसायिक कार्डांचे ड्रायव्हर कॅड कंपन्यांनी तपासून प्रमाणित केलेले असतात, आणि सॉलिडवर्क्सचं रिअलव्ह्यू गेमिंग कार्डावर अधिकृतपणे चालू होत नाही. मोठ्या असेंब्ली रोज हाताळायच्या असतील तर चार-सहा जीबीचं छोटं प्रमाणित कार्ड घ्यावं. नुसत्या ऑटोकॅडच्या द्विमितीय ड्रॉइंगला प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं.

मेमरीचा निर्णय त्या मानाने सोपा. सुटे पार्ट काढणाऱ्याला १६ जीबी चालते, असेंब्लीला ३२ हवी. रेंडर करणाऱ्याने ३२ पासून सुरुवात करावी. टास्क मॅनेजरमध्ये Committed चा पहिला आकडा बसवलेल्या मेमरीच्या वर जात असेल आणि त्याच वेळी डिस्क सतत राबत असेल, तर मेमरी कमी पडतेय. घेताना दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, आणि आज दोन, उद्या आणखी दोन असा बेत डीडीआर५ वर करू नये. रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांसाठी अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो.

दोन्ही कामं एकाच यंत्रावर करणाऱ्यांचं काय? त्यांचा रेंडरर ग्राफिक कार्डावर चालत असेल, तर भांडण आपोआप मिटतं. मॉडेलिंगसाठी जास्त वेगाचे सहा-आठ कोअर, ३२ जीबी मेमरी, आणि उरलेले बहुतेक पैसे १२ किंवा १६ जीबीच्या कार्डात. रेंडरर कोरोनासारखा प्रोसेसरवरच चालणारा असेल, तर मात्र कार्ड साधं ठेवून बारा कोअरकडे जावं लागतं, आणि मग थंडाव्यावर खर्च करावाच लागतो.

या शेवटच्या खर्चात लोक हात आखडतात. पंखा हवेला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. एसी लावलेल्या २५ अंशांच्या खोलीत सगळे कोअर राबताना प्रोसेसर ८० अंशांवर असेल, तर नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत तोच ९५ च्या आसपास पोचतो. रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची हीच मर्यादा आहे; तिथे तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुकानात यंत्र ताब्यात घेताना सिनेबेंच आर२३ ही फुकट मिळणारी चाचणी लावायला सांगा. तिच्यात सिंगल कोअर आणि मल्टी कोअर असे दोन आकडे मिळतात; कॅडवाल्याने पहिला पाहावा, रेंडरवाल्याने दुसरा. मल्टी कोअरची चाचणी पूर्ण दहा मिनिटं चालू द्या आणि सोबत टास्क मॅनेजरमधला गिगाहर्ट्झचा आकडा बघत राहा. पहिल्या मिनिटाला दिसलेला वेग नवव्या मिनिटाला बराच खाली आला असेल, तर पैसे देण्याआधी कूलर बदलून घ्या.