त्याच वजनात जास्त बळ

ट्रकखाली वाकून पाहिलं, तर गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत गेलेला लांब प्रोपेलर शाफ्ट दिसतो. इंजिनाचा पीळ मागच्या चाकांपर्यंत नेणारा हा शाफ्ट आतून पोकळ असतो. एवढ्या जोखमीच्या कामाला भरीव सळई का नाही वापरत?

शाफ्ट पिळला जातो तेव्हा पोलादावरचा ताण सगळीकडे सारखा नसतो. मध्यरेषेवर तो शून्य असतो आणि बाहेरच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त. शिवाय पृष्ठभाग मध्यापासून लांब असल्याने तिथलं पोलाद पिळाला अडवायला अधिक उपयोगी पडतं. म्हणून ४० मिलिमीटर व्यासाच्या भरीव शाफ्टला मधोमध २० मिलिमीटरचं आरपार भोक पाडलं, तर वजन पाव हिश्शाने घटतं, पण ताकद फक्त सोळाव्या हिश्शाने. अर्थात, नुसतं भोक पाडून ताकद वाढत नाही. मधून वाचलेलं पोलाद बाहेरच्या बाजूला लावलं, की खरा फायदा दिसतो.

आता समान वजनाची तुलना करू. ४० मिलिमीटरच्या भरीव शाफ्टचं वजन मीटरला सुमारे १० किलो भरतं. बाहेरून ५० आणि आतून ३० मिलिमीटर व्यासाच्या नळीचं वजनही नेमकं तेवढंच. मात्र ही नळी १.७ पट पीळ सोसते आणि तिचा ताठपणा २.१ पट असतो. म्हणजे तेवढ्याच पिळाला ती निम्म्याहून कमी वळते. बाहेरून ८५ आणि आतून ७५ मिलिमीटरची नळी घेतली, तर वजन तेच राहून ताकद ३.८ पट आणि ताठपणा ८ पट होतो. ताकद ताठपणाइतकी वाढत नाही, कारण पृष्ठभाग जितका बाहेर जातो तितका थोड्याशा वळण्यानेही त्यावर जास्त ताण येतो.

मग नळी आणखी रुंद, आणखी पातळ का करू नये? त्याच वजनात ४०१ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची नळी बनते आणि हिशेबात तिची ताकद २० पट निघते. प्रत्यक्षात पोलाद तुटण्याच्या कितीतरी आधी तिच्या पत्र्याला तिरक्या सुरकुत्या पडून ती चेपते. शिवाय अशा पातळ नळीला दगड लागून पोचा आला, तरी चेपण्याची सुरुवात तिथूनच होते.

जागेचं बंधनही असतंच. डिफरन्शियलमधून चाकाकडे जाणारा ॲक्सल शाफ्ट अरुंद जागेत बसवायचा असतो, म्हणून तो सहसा भरीव ठेवतात. बाहेरचा व्यास वाढवता येत नसेल, तर भरीवच जास्त बळकट. व्यास वाढवायला जागा असेल, तर त्याच वजनात पोकळ शाफ्टच सरस.