चौथा चिमटा कुठे लावायचा?

छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. हेडलाइटचे दोन बल्ब प्रत्येकी ५५ वॅटचे, म्हणजे १२ व्होल्टवर दोघे मिळून नऊ अँपिअर खातात. हिशेब सोपा आहे. हेडलाइट बंद करायचे राहिले तर भरलेली बॅटरीसुद्धा चार तासांच्या आत बसते, आणि सेल्फ मारण्याइतकी ताकद तर त्याच्या बरीच आधी संपलेली असते. सिनेमा बघून आणि बाहेर जेवून परत येईपर्यंत एवढा वेळ सहज जातो.

किल्ली फिरवल्यावर नुसता टकटकटक असा आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले किंवा विझले, तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या जोडणीचा समजावा. इंजिन नेहमीसारखं जोरात फिरतंय पण सुरू होत नाही, अशी तक्रार असेल तर बॅटरीच्या मागे लागू नका. तिथे इंधन नाही तर स्पार्क पाहावा लागतो. आधी बोनेट उघडून टर्मिनल बघा. त्यावर पांढरी-हिरवट पावडर जमली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर नुसतं साफ करून घट्ट आवळल्यानेही गाडी सुरू होऊ शकते. बॅटरीचा डबा फुगलेला, तडकलेला किंवा गळका असेल तर मात्र जंप देण्याचा विचारच करू नका. तिथे मेकॅनिकला बोलवावं.

जंप देणं म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीकडून सेल्फपुरता करंट उसना घेणं. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच हव्यात. बहुतेक ट्रक आणि बस २४ व्होल्टवर चालतात. ट्रकवाला कितीही प्रेमाने मदतीला आला तरी त्याची केबल कारला लावू नये, कारमधली इलेक्ट्रॉनिक्स जळते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीकडूनही करंट घेऊ नये, तिच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी असल्याशिवाय. केबल जाड तांब्याची हवी. सेल्फ फिरताना तिच्यातून शंभराहून जास्त अँपिअर जातात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलवर मोठमोठे आकडे छापलेले असतात, पण वरचं प्लास्टिकच तेवढं जाड आणि आतली तार दोरीएवढी, असाच प्रकार बहुतेक वेळा असतो. अशी केबल तापते आणि गाडी काही उचलत नाही.

गाड्या जवळ आणा, पण एकमेकींना चिकटू देऊ नका. दोन्ही गाड्या बंद, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. दिवे, एसी, म्युझिक सगळं बंद. हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. आता धन टर्मिनल ओळखा. त्यावर अधिकचं चिन्ह असतं आणि बहुधा लाल टोपी असते. धुळीने चिन्ह दिसेनासं झालं असेल तर ते पुसून बघा. अंदाजाने चिमटा लावू नका. बहुतेक कारच्या बॅटरीत धन खांब ऋण खांबापेक्षा किंचित जाड असतो, हीसुद्धा एक खूण. उलटी जोडणी झाली तर फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड, कधीकधी इंजिनचा कॉम्प्युटरही जातो.

लाल केबलचा पहिला चिमटा बसलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला. दुसरा चिमटा चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला. मग काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला. लाल आधी का? कारण गाडीची सगळी बॉडी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असते. काळी केबल आधी लावली तर दोन्ही गाड्यांच्या बॉडी एकमेकींना जोडल्या जातात, आणि मग लाल चिमटा कुठेही पत्र्याला लागला की थेट शॉर्ट. लाल केबल आधी बसवली की हातात उरतो तो काळा चिमटा, आणि तो आपल्याच गाडीच्या पत्र्याला लागला तरी काही बिघडत नाही. मात्र हातातला चिमटा लाल टर्मिनलला किंवा लाल चिमट्याला लागू द्यायचा नाही.

आता उरलं काळ्या केबलचं दुसरं टोक. बघून बघून शिकलेले बहुतेक लोक ते सरळ बसलेल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावतात. बऱ्याचदा काही होत नाही, म्हणून तीच पद्धत रूढ झाली आहे. पण चौथा चिमटा लागताना सर्किट पूर्ण होतं आणि ठिणगी उडते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना पाण्यातून हायड्रोजन निघतो. बंद डब्याच्या, पाणी न घालाव्या लागणाऱ्या बॅटरीतूनही तो थोडाफार बाहेर येऊ शकतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं तरी एक ठिणगी पुरते. मग बॅटरीचं झाकण उडतं आणि आतलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येतं. म्हणून चौथा चिमटा बॅटरीपासून लांब, बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला लावायचा. इंजिनाला बसवलेला एखादा जाड बोल्ट किंवा ब्रॅकेट चालतो. इंधनाची नळी, पंखा आणि पट्टा यांच्या जवळची जागा नको. काही गाड्यांत बोनेटखाली यासाठी वेगळा अर्थ पॉइंट दिलेला असतो. तो असेल तर तोच वापरावा. चिमटा लावताना तोंड बाजूला ठेवा, आणि सिगारेट ओढणाऱ्या शेजाऱ्याला आधी लांब पाठवा.

चांगली गाडी सुरू करून पाचेक मिनिटं चालू ठेवा. बसलेल्या बॅटरीत तेवढ्या वेळात थोडा जीव येतो आणि सेल्फचा सगळा भार केबलवर पडत नाही. मग दुसऱ्या गाडीला सेल्फ मारा, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही उचलली तर मिनिटभर थांबून पुन्हा. तीन-चार प्रयत्नांनंतरही नुसता टकटक आवाज असेल तर चिमटे नीट चावलेत का ते हलवून बघा. रंगावर बसलेला चौथा चिमटा हे गाडी न उचलण्याचं नेहमीचं कारण आहे.

गाडी सुरू झाली की केबल बरोबर उलट्या क्रमाने काढा. आधी इंजिनावरचा काळा चिमटा, मग चांगल्या बॅटरीवरचा काळा, मग तिच्यावरचा लाल, शेवटी बसलेल्या बॅटरीवरचा लाल. सुटलेले चिमटे एकमेकांना लागू देऊ नका. अ‍ॅसिड डोळ्यात गेलंच तर डोळा चोळू नका. किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

लगेच गाडी बंद करू नका. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवली तर पुढचा सेल्फ निघेल एवढं चार्जिंग होतं. जागेवर उभी ठेवून तेवढं होत नाही. पूर्ण बसलेली बॅटरी नीट भरायची तर चार्जरच लागतो. घरी मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेरापेक्षा कमी दिसले तर अल्टरनेटर दाखवून घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आणि दिवे नीट बंद करूनही आठवडाभरात दुसऱ्यांदा जंप द्यावा लागला, तर केबल ठेवून द्या आणि बॅटरी तपासायला न्या. चार वर्षांहून जुनी असेल तर बहुधा नवीनच घ्यावी लागेल.