छोटा लोगो फ्लेक्सवर का फाटतो?

समजा, चहाच्या दुकानाचा लोगो तुमच्याकडे आलाय. पीएनजी, २०० बाय २०० पिक्सेल. व्हिजिटिंग कार्डावर दीड सेंटिमीटरचा छापला तर तो छान दिसतो. आता तोच फ्लेक्सवर दोन फूट रुंद हवाय. दोन फूट म्हणजे साधारण ६१० मिलिमीटर. ते २०० पिक्सेलमध्ये वाटले, तर एकेक पिक्सेल तीन मिलिमीटरचा! मधला तपशील फाइलमध्ये नाहीच. सॉफ्टवेअर शेजारच्या रंगांवरून तो अंदाजाने भरतं, म्हणून कडा धूसर होतात.

व्हेक्टर फाइलमध्ये पिक्सेल नसतात; बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. आकार बदलला की त्या रेषा नव्याने आखल्या जातात, म्हणून कड स्वच्छ राहते.

मग करायचं काय? आधी मालकाकडे मूळ एसव्हीजी किंवा सीडीआर फाइल मागा. ती नसेल आणि लोगोत मोजकेच सपाट रंग असतील, तर इंकस्केपमध्ये पेन टूलने तो पुन्हा काढा. ऑटो ट्रेस इथे फसतो, कारण इतक्या लहान चित्रातल्या पायऱ्याही तो गिरवतो.

आणि हो, पीएनजी नुसता पीडीएफमध्ये टाकून व्हेक्टर होत नाही. ८०० टक्के झूम करा. कड फुटली, तर आत पिक्सेलच आहेत.