स्थिर देणी आणि उत्पन्न यांचे गुणोत्तर: बँक कोणती देणी मोजते?

कर्जाचा अर्ज आला की बँक दोन वेगळे प्रश्न विचारते. अर्जदार आजवर वेळेवर फेड करत आला का, हा पहिला प्रश्न आणि त्याचे उत्तर पतगुणांकात मिळते. दर महिन्याला आणखी एक हप्ता भरण्याइतकी जागा त्याच्या पगारात उरली आहे का, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नासाठी जे गुणोत्तर काढतात त्याला बँकेच्या भाषेत एफओआयआर म्हणतात. पतगुणांक उत्तम असूनही अर्ज नाकारला जातो किंवा कर्ज कमी मंजूर होते, तेव्हा बरेचदा अडचण या गुणोत्तरात असते.

```
गुणोत्तर = (चालू देणी + नवा हप्ता) ÷ मासिक उत्पन्न × 100
```

सूत्र सोपे आहे. खरा वाद ‘चालू देणी’ म्हणजे काय यावर असतो, म्हणून एक उदाहरण घेऊ.

इंदूरमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणीचा एकूण पगार 54,000 रुपये आहे. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर वगैरे वजा जाता हातात 48,000 येतात. तिला 20 वर्षांसाठी गृहकर्ज हवे आहे. तिची बँक हातात येणारा पगार धरते आणि 50 टक्क्यांची मर्यादा लावते. म्हणजे सर्व हप्ते मिळून 24,000 च्या वर जाता कामा नयेत.

आता तिची देणी पाहू. शैक्षणिक कर्जाचा हप्ता 6,500 आहे, तो पूर्ण मोजला जातो. मोबाइल हप्त्यावर घेतला, त्याचे 2,100 रुपयांचे आठ हप्ते बाकी आहेत. दुकानात दोन मिनिटांत झालेला तो व्यवहारही कर्जच असतो आणि पत अहवालात दिसतो, म्हणून तोही मोजला जातो. दुचाकीचा हप्ता 3,200 आहे, पण पाचच हप्ते उरले आहेत. सहापेक्षा कमी हप्ते उरलेले कर्ज अनेक बँका सोडून देतात, तिच्या बँकेनेही सोडले.

क्रेडिट कार्डावर 40,000 रुपये थकले आहेत. कार्डाला ठरलेला हप्ता नसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी बाकीच्या 5 टक्के रक्कम, म्हणजे येथे 2,000 रुपये, मासिक देणे धरतात. येथे एक बारकावा आहे. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याच्या अहवालातही बिलाच्या तारखेची बाकी दिसू शकते, आणि मग तीच मोजली जाण्याची शक्यता असते.

ती दरमहा 3,000 रुपये आवर्ती ठेवीत टाकते. ते मात्र सहसा मोजत नाहीत, कारण ती बचत आहे आणि हवी तेव्हा थांबवता येते. विम्याच्या हप्त्याचेही बहुधा तसेच. भविष्य निर्वाह निधी पगारातून आधीच वजा झाला आहे, तो पुन्हा देणे म्हणून धरला तर एकच रक्कम दोनदा कापली जाईल.

बेरीज 6,500 + 2,100 + 2,000 = 10,600. नव्या हप्त्यासाठी 13,400 उरले. वार्षिक 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी एक लाखामागे सुमारे 900 रुपये हप्ता बसतो. म्हणजे तिला साधारण 14.9 लाख मिळतील. तिने अर्जाआधी मोबाइलचे उरलेले 16,800 आणि कार्डाचे 40,000 फेडले तर 17,500 ची जागा होते आणि कर्ज सुमारे 19.4 लाखांपर्यंत जाते. 56,800 रुपये फेडल्याने साडेचार लाखांचा फरक पडला! छोटे, कमी मुदतीचे देणे या गुणोत्तरात त्याच्या रकमेच्या मानाने फार जड असते, ते यामुळेच.

सर्वांत जास्त फसगत सहकर्जदारांची होते. भावाच्या कर्जावर तुमची सही असेल तर हप्ता भाऊ भरत असला तरी तुमच्या खाती पूर्ण हप्ता धरला जाऊ शकतो. भावाच्या खात्यातून वर्षभर हप्ते गेल्याचा पुरावा दिल्यास काही बँका तो वगळतात.

50 टक्के हा सर्व कर्जांना लागू असलेला सरकारी नियम नाही. प्रत्येक बँक आपले धोरण ठरवते आणि जास्त पगाराला सहसा जास्त मर्यादा देते, कारण घरखर्च पगाराच्या प्रमाणात वाढत नाही. सूक्ष्म वित्त कर्जांसाठी मात्र रिझर्व्ह बँकेने 2022 पासून मर्यादा घातली आहे. वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाची सर्व कर्जांची मासिक फेड मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. तेथे एका व्यक्तीचा नव्हे, घरातल्या सगळ्यांच्या कर्जांचा हिशेब होतो.

कधी फेडलेले कर्जही अहवालात चालू दिसते आणि त्याचा हप्ता मोजला जातो. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यातील ‘चालू’ खात्यांची यादी आणि आपले हप्ते अर्जाआधी ताडून पाहावेत. चूक आढळल्यास तक्रार करावी. ती 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.