पंगतीचा व्हिडिओ काढताना

मैत्रिणींनो, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाचा महाप्रसाद आपल्यापैकी कितीतरी जणींनी जेवला असेल. विवेकानंद जन्मोत्सवाला शेतात लांबच लांब पंगती बसतात आणि पुरी-वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाढत नेतात. तिथलं दृश्य दुरून टिपलं तरी पुरे, एकेकाचं तोंड दाखवावं लागत नाही.

गावातल्या मोफत जेवणाचा व्हिडिओ करताना मात्र उलटं होतं. पंगत लहान असते, म्हणून मोबाईल थेट ताटावर जातो. बसलेल्या माणसावर उभ्यानं मोबाईल धरला, की तो कोणाच्या तरी दयेवर जेवतोय असं वाटतं. म्हणून चित्रण करणारीनं खाली बसावं किंवा पंगतीच्या मागं जावं. समोर वाढणाऱ्या ताईचे हात, बादली, पळी दिसेल. जेवणाऱ्याची पाठ दिसेल, तेवढं बस.

परवानगी कशी घ्यायची? तोंडात घास असताना विचारलं तर माणूस संकोचानं मान हलवतो, ती परवानगी नव्हे. पंगत बसण्याआधीच लाऊडस्पीकरवर सांगा, "उजवीकडच्या दोन ओळींचं चित्रण होईल. ज्यांना नको त्यांनी डावीकडे बसावं." असं केलं की कोणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. मात्र डावीकडे वाढप तेवढंच आणि त्याच वेळी झालं पाहिजे. चेहरा जवळून घ्यायचाच असेल तर जेवण झाल्यावर वेगळं विचारा. लेकराचा असेल तर आईला विचारा. कोणी पदर ओढला, मान वळवली, तर ते "नको"च समजा.

कामं आधीच वाटून घ्या. एकीनं फक्त चित्रण करायचं, तिच्या हाती वाढप देऊ नका. दुसरी तिच्यासोबत राहून परवानगी विचारेल. तिसरी रात्री क्लिपा निवडेल.

दोन मिनिटांच्या व्हिडिओला पाच-सहा सेकंदांच्या वीसेक क्लिपा लागतात. त्यातल्या निम्म्या पंगतीआधीच्या ठेवा: पहाटे वांगी चिरणाऱ्या, पुऱ्या लाटणाऱ्या, पाणी भरणाऱ्या. खरं काम तिथंच असतं, आणि बहुतेक व्हिडिओत नेमकं तेच नसतं. पाहुण्यांच्या हाराला एक क्लिप पुष्कळ झाली. कढईजवळ वाफेनं कॅमेऱ्याची काच धुरकटते, दर वेळी सुती कापडानं पुसा. कोणाचं बोलणं घ्यायचं असेल तर लाऊडस्पीकरपासून लांब, भाजी चिरण्याच्या जागी घ्या.

तयार व्हिडिओ आधी ग्रामसंघाच्या बैठकीत दाखवा. ज्यांचा चेहरा ओळखू येतो त्यांनाही दाखवा. व्हॉट्सअॅपवर टाकल्यावर "सर्वांसाठी हटवा" केलं, तरी ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्या मोबाईलमध्ये तो राहू शकतो. म्हणून कोणी नको म्हटलं तर ती क्लिप पाठवायच्या आधीच काढायची, आणि कारण विचारायचं नाही.