फोकाच्चा: वरून भाजलेला, खालून तळलेला

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जेनोव्हा शहरात लोक सकाळी फोकाच्चा कॉफीत बुडवून खातात, आणि तोही उलटा धरून. खारट, तेलकट वरची बाजू जिभेला लागते आणि कुरकुरीत बूड टाळूकडे राहतं. तिथला फोकाच्चा जेमतेम दोन सेंटीमीटर जाड असतो. आपल्याकडे कॅफेत मिळणारा उंच, फुगीर, वर भाज्यांची बाग मांडलेला तुकडा फोटोत छान दिसतो, पण त्याचं बूड बहुतेकदा पांढरट आणि मऊच असतं. माझ्या मते असा फोकाच्चा अर्धाच झालेला असतो.

बूड कुरकुरीत होण्याचं कारण साधं आहे. वरची बाजू ओव्हनच्या गरम हवेत भाजली जाते, खालची बाजू मात्र तेलात तळली जाते. ट्रेचा पत्रा आणि मऊ कणीक यांच्यामध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांतल्या हवेतून उष्णता नीट पोचत नाही. तेल त्या पोकळ्या भरून काढतं, त्यामुळे पत्र्याची उष्णता बुडाला सगळीकडे सारखी लागते. पण कणकेत पाणी आहे तोवर तिचं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग त्याच्या बराच वर गेल्याशिवाय येत नाही. म्हणजे बुडाचा पातळ थर आधी कोरडा व्हायला हवा, मग तो तळला जाणार. हे सगळं आतला भाग सुकण्याआधी घडायला हवं.

घरच्या ओटीजीत बसणारा 25 बाय 30 सेंटीमीटरचा ट्रे धरू. त्याला 300 ग्रॅम मैदा, 190 मिली पाणी, 6 ग्रॅम मीठ, 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर साखर आणि एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल पुरतं. आपला मैदा पिझ्झासाठी मिळणाऱ्या इटालियन मैद्याहून सहसा कमी ताकदीचा असतो. म्हणून परदेशी कृतींत सांगितलेलं भरमसाठ पाणी त्याला झेपत नाही, कणीक नुसती पसरते. हाताला किंचित चिकटेल इतपत मऊ मळा आणि दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा. उन्हाळ्यात यासाठी तासभरही लागत नाही.

आता ट्रे. दोन मोठे चमचे तेल तळावर आणि कडांना पसरा. हे प्रमाण पाहून हात आखडतो, पण ब्रशने नुसता हात फिरवला तर ट्रेला चिकटू नये एवढंच काम होतं, तळण होत नाही. तळावर झाडून सगळीकडे तेल दिसलं पाहिजे. उलट कोपऱ्यांत तेलाची तळी साचली तर तिथलं बूड तेलकट होतं. बेकिंग पेपर घालू नका, तो पत्रा आणि कणीक यांच्यामध्ये येतो. काचेचं भांडंही नको, ते फार हळू तापतं. जेनोव्हातले बेकर काळ्या लोखंडी ट्रेमध्ये भाजतात. गडद रंगाचा जाडसर धातूचा ट्रे असेल तर उत्तम, कारण चकचकीत पांढऱ्या ॲल्युमिनियमपेक्षा गडद पत्रा उष्णता जास्त शोषतो.

कणीक ट्रेमध्ये ठेवून पसरायला गेलात की ती मागे खेचली जाईल. जबरदस्ती करू नका. वीस मिनिटं तशीच राहू द्या, मग ती मुकाट्याने कोपऱ्यांपर्यंत जाते. त्यानंतर अर्धा तास फुगू द्यायची आणि मग खळगे पाडायचे.

खळगे नक्षीसाठी नसतात. बोटांनी दाबल्यामुळे कणीक जागोजाग ट्रेला टेकते आणि मोठे बुडबुडे फुटून हवा सगळीकडे वाटली जाते, त्यामुळे फोकाच्चा फुग्यासारखा न उठता सपाट राहतो. थालीपीठाला आपण भोकं पाडून त्यांत तेल सोडतो, तोच हा विचार, फक्त एक महत्त्वाचा फरक आहे. थालीपीठाचं भोक तव्यापर्यंत जातं. इथे तळाचा पत्रा बोटांना जाणवला पाहिजे, पण कणीक फाटता कामा नये. म्हणून नखं टोचायची नाहीत. बोटं थोडी आडवी धरून त्यांच्या गाद्यांनी सरळ खाली दाबायचं, आणि आधी हाताला व कणकेला तेल लावायचं. घाबरत घाबरत वरवर दाबलेले खळगे ओव्हनमध्ये भरून येतात आणि दिसेनासे होतात.

मग जेनोव्हाची खास खूण: अर्धी वाटी नाही, जेमतेम 40 मिली कोमट पाणी, अर्धा चहाचा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा तेल एकत्र घुसळून ते खळग्यांवर ओतायचं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, सगळं भिजून वाया गेलं. पण खळग्यांत पाणी आहे तोवर तिथलं तापमान चढत नाही, म्हणून खळगे फिके आणि ओलसर राहतात आणि त्यांच्यामधले उंचवटे खरपूस होतात. कणीक मात्र कुठे फाटलेली असेल तर हे खारं पाणी थेट बुडाखाली जातं आणि तिथे तळण्याऐवजी उकडल्यासारखा चिकट डाग पडतो. ट्रेला फोकाच्चा एकाच जागी चिकटला तर कारण बहुधा हेच. यानंतर आणखी पाऊण तास फुगू द्या. ट्रे हलवल्यावर कणीक थरथरली की ती तयार आहे.

ओव्हन 230 अंशांवर निदान पंचवीस मिनिटं तापवा. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे हवा तापली, जाळी आणि भिंती अजून तापायच्या असतात. ट्रे गार असतो, त्यामुळे तो तापण्यातच सुरुवातीची मिनिटं जातात. यावर उपाय म्हणजे खालच्या जाळीवर एक जाड ट्रे किंवा ओव्हनमध्ये मावणारा बिनमुठीचा लोखंडी तवा ठेवून तोही तापवायचा आणि फोकाच्चाचा ट्रे त्यावर ठेवायचा. वरची, खालची दोन्ही कॉइल सुरू ठेवून 18 ते 20 मिनिटं भाजा. पंधराव्या मिनिटाला उलथन्याने एक कोपरा उचलून पाहा. वरचा भाग सोनेरी आणि बूड फिकं असेल तर वरची कॉइल बंद करून शेवटची मिनिटं फक्त खालच्या उष्णतेवर काढा.

केकच्या सवयीने 180 अंशांवर ठेवलात तर बूड रंगायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, तोवर आतला ओलावा उडून फोकाच्चा टोस्टसारखा होतो. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये बहुधा खालून कॉइल नसते, वर रंग येतो पण बूड कच्चट राहतं. अशा वेळी धातूचा ट्रे बाहेर काढून गॅसच्या मंद आचेवर फिरवत दोन-तीन मिनिटं धरा, तेल चुरचुरलेलं ऐकू येईल.

बाहेर काढल्यावर लगेच ट्रेमधून जाळीवर घ्या. ट्रेमध्येच ठेवला तर खालून निघणारी वाफ पत्र्यावर अडते आणि कमावलेला कुरकुरीतपणा पाच-दहा मिनिटांत जातो. वरून थोडं तेल फिरवा आणि त्याच दिवशी संपवा. उरलाच तर फ्रिजमध्ये ठेवू नका, मायक्रोवेव्हमध्येही गरम करू नका. दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर बूड खाली करून मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, बुडात मुरलेलं तेल पुरेसं असतं.