दादा, या सत्रात नाही जमणार

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले, की कँटीनबाहेर एक संभाषण हमखास ऐकू येतं. तिसऱ्या वर्षातला आर्ट सर्कलचा कुणी दादा पहिल्या वर्षातल्या एखाद्या मुलीला थांबवतो. ओरिएंटेशनच्या कार्यक्रमात तिनं केलेलं निवेदन त्याच्या लक्षात राहिलेलं असतं. "तू चांगलं बोलतेस. आमच्या कमिटीत ये. पुरुषोत्तमची तयारी चालू आहे, माणसं कमी पडताहेत." आणि मुलगी म्हणते, "बघते."

घोटाळा या एका शब्दात आहे. मराठीत "बघते" म्हणजे बहुतेक वेळा "नको", फक्त समोरच्याला न दुखावता सांगितलेलं. पण दादाच्या हातात कामाची यादी असते आणि तो त्याचा अर्थ "येते" असा घेतो. संध्याकाळपर्यंत तिचं नाव गटात जातं आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता तालमीला बोलावणं येतं. नकार तेव्हाही देता येतो, पण आता तो शब्द फिरवल्यासारखा वाटतो.

दादाला तिची गरज का पडते, हे आधी समजून घ्यायला हवं. आर्ट सर्कलसारख्या मंडळाची माणसं दरवर्षी बदलतात. शेवटच्या वर्षाची मुलं प्लेसमेंटच्या मुलाखती आणि प्रोजेक्टमध्ये अडकलेली असतात, त्यामुळे मंडळ चालवतात तिसऱ्या वर्षाची मुलं. पुढच्या दोन वर्षांत कारभार हाती घेतील अशी माणसं त्यांना आत्ताच तयार करायची असतात. त्यातच महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा पावसाळ्यात येते. १९६३ पासूनची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, भरत नाट्य मंदिरात रंगणारी, पुण्यातल्या महाविद्यालयीन रंगभूमीवरची सगळ्यात मानाची. नट ठरलेले असले तरी नेपथ्य उचलायला, प्रॉपर्टी जमवायला, परवानग्यांची पत्रं फिरवायला आणि वर्गणी गोळा करायला हात लागतात. दादाचं बोलावणं मनापासूनचं असतं, पण त्यामागे या कामांचा रेटाही असतो.

आता मुलीच्या बाजूनं पाहू. राज्यातल्या अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटी सेलच्या कॅप फेऱ्यांतून होतात. या फेऱ्या लांबत जातात, त्यामुळे पहिल्या वर्षाचं पहिलं सत्र वरच्या वर्गांपेक्षा उशिरा सुरू होतं आणि आक्रसतं. शेवटच्या फेरीतून आलेला विद्यार्थी वर्गात पोचतो तेव्हा एखाददुसरं युनिट शिकवून झालेलं असतं.

याहून मोठा बदल अभ्यासाच्या पद्धतीतला असतो. बारावीचं अख्खं वर्ष एमएचटी-सीईटीसाठी पर्याय निवडण्याचा सराव करण्यात गेलेलं असतं. विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र प्रत्येक पायरी लिहून दाखवावी लागते आणि गुण त्या पायऱ्यांना असतात. गणिताचा पहिला पेपर, ज्याला सगळे एम-वन म्हणतात, तो तर जिन्यासारखा आहे. पार्शल डिफरन्सिएशनचे तास बुडाले की पुढचं जेकोबियन कळत नाही, मॅक्सिमा-मिनिमाही हाताला लागत नाही. ग्राफिक्सची अडचण वेगळी. ड्रॉइंग शीट कुणाकडून समजून घेता येते, पण काढावी आपल्यालाच लागते आणि प्रोजेक्शनची दिशा चुकली तर सगळं खोडून पुन्हा काढावी लागते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात लेखी विषयाच्या शंभरपैकी ३० गुण सत्र चालू असतानाच ठरतात आणि ७० सत्राच्या शेवटच्या परीक्षेत. म्हणजे "शेवटच्या महिन्यात बसून काढू" म्हणणाऱ्याच्या हातून तीस गुणांतले बरेच तोवर निसटलेले असतात. शिवाय ७५ टक्के हजेरीची अट असते. ती न भरल्यास नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागतं आणि सबमिशनच्या वेळी टर्मवर्कवर सही मिळवताना त्याचा त्रास होतो.

पहिल्या सत्रात विषय राहिला, तर एटीकेटीच्या सवलतीमुळे पुढे जाता येतं. पण तो बॅकलॉग दुसऱ्या सत्राच्या अभ्यासासोबत ओढावा लागतो. विषय फार साठले तर वायडी, म्हणजे वर्ष वाया जातं. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरण करताना मागच्या वर्षाचा निकाल लागतोच. काही ठिकाणी शाखा बदलून मिळते तीही रिकाम्या जागांवर, पहिल्या वर्षाच्या गुणांनुसार. इलेक्ट्रॉनिक्सला बसून कॉम्प्युटरचं स्वप्न पाहणाऱ्या मुलीला ती संधी एकदाच असते.

एवढं असूनही "अभ्यास आधी" हे उत्तर दादाला पळवाट वाटू शकतं, कारण अभ्यास तर सगळ्यांनाच आहे. म्हणून तासांचा हिशेब करून पाहावा. लातूरहून आलेली, कोथरूडला खोली घेऊन राहणारी आणि बसनं महाविद्यालयात जाणारी एक मुलगी उदाहरणादाखल घेऊ. आठवड्याचे एकूण तास १६८. रोज सात तास झोपेचे, म्हणजे ४९. सहा दिवस महाविद्यालयात सात-सात तास, ते ४२. बसचा प्रवास रोज दीड तास, आठवड्याला ९. मेस, आंघोळ, कपडे, घरी फोन, किरकोळ कामं यांना रोज तीन तास, म्हणजे २१. बेरीज १२१. उरले ४७. रोज चार आणि रविवारी सहा तास अभ्यास धरला तर ३० गेले. शिल्लक १७.

कमिटीचं काम एरवी आठवड्याला पाच-सहा तासांचं असतं. १७ मध्ये ते सहज बसतं आणि दादा हेच सांगतो, "आठवड्यातून दोन-तीनदाच यायचंय." त्यात खोटं काही नाही. मात्र हा झाला साध्या आठवड्यांचा हिशेब. प्राथमिक फेरीआधीचे तीन आठवडे तालीम संध्याकाळी सात ते दहा, आठवड्याचे सहा दिवस चालते. तेच झाले १८ तास. शिलकीपेक्षा एक तास जास्त, आणि त्यात ना आजारपण धरलंय, ना मैत्रिणीशी गप्पा, ना साधं लोळणं. शिवाय तालीम क्वचितच दहाला संपते. मग रात्री उशिरा खोलीवर पोचायचं, सकाळचं पहिलं लेक्चर बुडवायचं आणि ते नेमकं एम-वनचं असायचं. याच आठवड्यांत पहिली युनिट टेस्ट आणि पहिल्या शीटचं सबमिशन येतं. नकार द्यायचा की नाही हे म्हणूनच या आठवड्यांकडे पाहून ठरवावं. सरासरी पाहून ठरवणारे फसतात.

हिशेब हातात असला की नकाराची भाषाही बदलते. "मला अभ्यास आहे" ऐवजी ती म्हणू शकते, "दादा, तू मला विचारलंस याचा आनंद झाला. पण या सत्रात मी कमिटीत येणार नाही. माझा प्रवेश उशिरा झालाय, एम-वनचं पहिलं युनिट अजून भरून काढायचंय आणि तालमी नेमक्या युनिट टेस्टच्या आठवड्यात आहेत. मी हो म्हटलं तर ऐन वेळी तुम्हालाच अडचणीत टाकीन. प्रयोगाच्या दिवशी मात्र बॅकस्टेजला एक माणूस म्हणून मला धर. आणि पहिल्या सत्राचा निकाल लागला की मी स्वतः येऊन सांगेन."

यात नकार पहिल्या तीन वाक्यांत येऊन जातो, त्यामुळे दादा त्याच दिवशी दुसरा माणूस शोधू शकतो. कारण नेमकं असल्यानं वाद घालायला जागा उरत नाही. आणि कमिटी व मंडळ या दोन गोष्टी ती वेगळ्या करते. कमिटीत असणं म्हणजे जबाबदारी घेणं, तुम्ही गेला नाहीत तर काम अडणं. नुसत्या सभासदाला तालीम बघायला जाता येतं, एक दिवस हातभार लावता येतो, प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवता येतात. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला ही दारं बंद करून घेणं परवडत नाही. पुण्यातल्या तिच्या पहिल्या ओळखी बऱ्याचदा इथेच होतात.

दादाही बहुतेक वेळा समजून घेतो, कारण पहिल्या वर्षाचा बॅकलॉग तिसऱ्या वर्षापर्यंत ओढणारा कुणीतरी त्याच्याच कंपूत असतो. "एवढ्याशा अभ्यासाचं काय? आम्ही नाही का केलं?" हे वाक्य मात्र ऐकावं लागतं. त्याला लांबलचक उत्तराची गरज नसते. "तुला जमलं दादा, मला अजून अंदाज नाहीये," एवढं पुरतं. नव्या सबबी शोधत गेलं की प्रत्येक सबबीवर तोडगा निघत जातो. "प्रवास लांब आहे" म्हटलं की गाडीवर सोडणारा कुणी ना कुणी भेटतोच.

क्वचित हा आग्रह दमदाटीकडे झुकतो. कार्यक्रमाला नाही आलीस तर बघून घेऊ, लेक्चर सोडून ये, माझी असाइनमेंट लिहून दे. हे नकाराच्या शिष्टाचारात बसणारं प्रकरण नाही. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमावलीत, विद्यार्थ्याच्या नियमित अभ्यासात अडथळा आणणारं सीनियरचं कृत्य आणि नव्या विद्यार्थ्याकडून स्वतःचं शैक्षणिक काम करून घेणं, या दोन्ही गोष्टी रॅगिंगच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेल्या आहेत. महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असणं बंधनकारक आहे आणि १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

एक शंका उरते. ज्या मुलीला खरोखर नाटकच करायचंय, तिनं काय करावं? पुण्यात याचं मोठं उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचं आहे. बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकताना ते नाटकात रमले होते, पण वैद्यकीय शिक्षण त्यांनी पुरं केलं, कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले, व्यवसाय केला आणि पूर्णवेळ अभिनयाकडे वळले ते १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. प्रत्येकानं इतकं थांबावं असं नाही. आपल्या मुलीला तर एकच सत्र थांबायचंय. पुण्याच्या स्पर्धांचं वेळापत्रकही तिच्या बाजूनं आहे. नाटक, संगीत, नृत्य, चित्र अशा अनेक कलांची सांगड घालणारा फिरोदिया करंडक दुसऱ्या सत्रात येतो. तोवर पहिल्या सत्राची लेखी परीक्षा झालेली असते आणि आपल्याला एक युनिट नीट तयार करायला किती संध्याकाळी लागतात, हे तिला ठाऊक झालेलं असतं.

तोपर्यंत तिचं काम एका दिवसाचं आहे. प्राथमिक फेरीच्या सकाळी भरत नाट्य मंदिराच्या मागच्या दारानं खुर्च्या आणि ट्रंका आत न्यायच्या, प्रॉपर्टीच्या यादीवर टिका करायच्या, प्रयोग संपला की सगळं मोजून टेम्पोत चढवायचं. रात्री खोलीवर आल्यावर उरलेली ग्राफिक्सची शीट पुरी करायची, कारण ती दुसऱ्या दिवशी साडेदहाला द्यायची आहे.